एकच ताळेबंद, तीन गुणोत्तरं: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या कर्जाची गोष्ट

हे प्रकरण माझ्याच टेबलावरचं आहे. मी सोलापुरात सीए म्हणून काम करतो. या कंपनीचं ऑडिट माझ्याकडे नव्हतं. बँकेसाठी लागणारी कागदपत्रं, अंदाजपत्रकं आणि सल्ला एवढंच माझ्याकडे होतं. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्या तक्त्यापासून हे सगळं सुरू झालं, तो माझ्याच ऑफिसात तयार झाला होता, हेही आधीच सांगून टाकतो.

## पार्श्वभूमी

अक्कलकोट रोडला दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. वडिलांनी पावरलूमवर चादरी काढायला सुरुवात केली, मुलांनी टेरी टॉवेल धरला. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि सूत व्यापाऱ्याशी फोनवर जमेल ती भाषा. थोरले सूत खरेदी आणि बँक बघायचे, धाकटे उत्पादन आणि गिऱ्हाईक. मोठी बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, लग्न होऊन बाहेरगावी. पण तिचे पैसे कंपनीत होते.

मार्च २०२१ चा ताळेबंद बघितला तर हेवा वाटावा असा होता. विक्री १४ कोटींच्या आसपास. भागभांडवल १ कोटी आणि साठलेला नफा २ कोटी २० लाख, म्हणजे मालकांचे स्वतःचे ३ कोटी २० लाख. बँकेचं टर्म लोन ९० लाख, सूत आणि मालावरचं कॅश क्रेडिट १ कोटी ६० लाख, घरच्यांकडून घेतलेलं विनातारण कर्ज ६० लाख. एकूण कर्ज ३ कोटी १० लाख. कर्जाला स्वतःच्या भांडवलानं भागलं की ०.९७ येतं. मालकाच्या एका रुपयामागे उसना रुपया एकापेक्षा थोडा कमीच.

दुसरं माप व्याजाचं. घसारा वजा केल्यावर, पण व्याज आणि कर वजा करण्याआधी, कंपनीला १ कोटी १० लाख उरत होते आणि वर्षाचं व्याज ३० लाख होतं. म्हणजे व्याजाच्या साडेतीन पटीहून जास्त कमाई. कमाई व्याजाच्या किती पट आहे, या मापाला पुढे व्याजाची झेप म्हणतो. ही कमाई निम्म्यावर आली असती तरी व्याज सुखानं भरता आलं असतं.

## विस्ताराचा प्रस्ताव

२०२१ च्या दिवाळीनंतर थोरले एक योजना घेऊन आले. जेकार्डसह १२ रेपियर लूम, युरोपियन बनावटीचे, पण सेकंड-हँड. कॉम्प्रेसर, वायरिंग आणि शेडची दुरुस्ती धरून खर्च ६ कोटी. निर्यातदार मोठ्या पन्ह्याचे, नक्षीदार टॉवेल मागत होते आणि जुन्या लूमवर ते निघत नव्हते. योजना चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही.

पैशाची मांडणी अशी होती. बँकेचं नवं टर्म लोन ४ कोटी ५० लाख, घरच्यांकडून आणखी ९० लाख, आणि उरलेले ६० लाख कंपनीच्या रोजच्या पैशातून. व्याजदर रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते त्या दराला जोडलेला: रेपो अधिक ४.७५ टक्के. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बाहेरच्या मापदंडाला जोडावी लागतात, त्यामुळे इथं घासाघीस करायला फारशी जागा नव्हती. रेपो तेव्हा ४ टक्के होता आणि मे २०२० पासून हललेला नव्हता. दर आला ८.७५.

"साहेब, इतकं स्वस्त कर्ज वडिलांनी जन्मात पाहिलं नव्हतं," थोरले म्हणाले. ते खरंच होतं.

मग प्रश्न आला कर्ज-भांडवल गुणोत्तराचा. नवं कर्ज धरून ते दोनाच्या वर जात होतं आणि थोरल्यांना ते एकाच्या आत दिसायला हवं होतं. त्यासाठी दोन गोष्टी केल्या. कंपनीच्या नावावर कारखान्याची जमीन होती आणि होटगी रोडच्या बाजूला एक मोकळा प्लॉट होता. व्हॅल्युअर बोलावून दोन्हींचं नव्यानं मूल्यांकन केलं आणि वाढीव किंमत, २ कोटी ४० लाख, पुनर्मूल्यांकन राखीव म्हणून भांडवलाच्या बाजूला आली. दुसरं, घरच्यांचं कर्ज "ते काय, आपलंच" म्हणून भांडवलात धरलं.

## एका ताळेबंदाची तीन उत्तरं

मार्च २०२२ ला नवं कर्ज उचललेलं होतं. बँकेची टर्म लोनं मिळून ५ कोटी १० लाख, कॅश क्रेडिट २ कोटी २० लाख, घरच्यांचे दीड कोटी. वर्षाचा नफा मिळवल्यावर भांडवल आणि साठलेला नफा ३ कोटी ८७ लाख. या एकाच ताळेबंदातून तीन गुणोत्तरं निघतात.

मालकांच्या तक्त्यात कर्ज म्हणजे फक्त बँकेचे ७ कोटी ३० लाख. भांडवल म्हणजे ३.८७ अधिक पुनर्मूल्यांकनाचे २.४० अधिक घरच्यांचे १.५०, असे ७ कोटी ७७ लाख. उत्तर ०.९४.

बँकेनं पुनर्मूल्यांकन सरळ उडवून लावलं, तसं ते लावतातच. घरच्यांचं कर्ज मात्र भांडवलासारखं धरलं, एका अटीवर: बँकेचं टर्म लोन फिटेपर्यंत हे पैसे कोणी काढणार नाही, असं पत्र प्रत्येकानं द्यायचं. ७.३० भागिले ५.३७. उत्तर १.३६.

तिसरा हिशेब कुणीच मांडला नाही. जे परत द्यायचं आहे ते सगळं कर्ज, आणि जे कुणीही कधीही परत मागू शकत नाही तेवढंच भांडवल. ८.८० भागिले ३.८७. उत्तर २.२७.

तिन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत, कुठे लबाडी नाही. पण थोरल्यांच्या डोक्यात ०.९४ बसला आणि पुढचं दीड वर्ष ते त्याच आकड्यावर निर्णय घेत राहिले. बँकेनं बँकेपुरता वेगळा हिशेब करून ठेवला होता, तो मंजुरीच्या कागदांत होता, आणि मंजुरीचे कागद कोण वाचतो? मी वाचले होते. २.२७ चा हिशेब मी तेव्हा त्यांच्यासमोर मांडला नाही, ही माझी चूक. कर्ज मंजूर व्हायच्या घाईत तो मलाही नकोसाच होता.

व्याजाच्या बाजूलाही असंच झालं. २०२१-२२ मध्ये व्याज आणि कराआधीचा नफा १ कोटी २५ लाख आणि नफा-तोटा पत्रकातलं व्याज ३५ लाख, म्हणजे ३.५७ पट. कर्ज तिपटीच्या जवळ जाऊनही व्याजाची झेप जवळपास जिथल्या तिथे! यातली मेख अशी की मशिनं बसून चालू होईपर्यंतचं नव्या कर्जाचं व्याज खर्चात येत नाही, मशिनच्या किमतीत मिळवलं जातं. हिशेबाच्या नियमानं ते योग्य आहे. पण बँकेला ते दर महिन्याला रोखीनंच द्यावं लागतं. कर्ज ताळेबंदात पूर्ण उतरलेलं आणि व्याज अजून पत्रकात आलेलंच नाही, अशा वर्षी हे गुणोत्तर फार गोड बोलतं.

## अडचण

लूम ऑगस्ट २०२२ मध्ये चालू झाले. त्याच्या आगेमागे तीन गोष्टी घडल्या.

पहिली, रेपो. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन तो ४.४० केला आणि मग थांबलीच नाही. जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरमध्ये ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. ८.७५ चं कर्ज नऊ महिन्यांत ११.२५ वर गेलं.

दुसरी, सूत. मे २०२२ च्या सुमारास कापसाची खंडी लाखावर गेली होती. भाव आणखी चढेल या धास्तीनं थोरल्यांनी ३० टन सूत भरून ठेवलं. नंतर भाव उतरला तो या साठ्यावर किलोमागे ६० रुपयांनी. १८ लाख गोडाऊनमध्ये पडल्या पडल्या गेले. त्याच सुमारास निर्यातीच्या ऑर्डरी आटल्या आणि नवे लूम एका पाळीवर आले.

तिसरी गोष्ट घरातली. जुलै २०२२ मध्ये अक्कांनी मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटसाठी पैसे मागितले. त्यांचे ६५ लाख होते, त्यातले २५ लाख थोरल्यांनी कॅश क्रेडिट खात्यातून दिले. पैसे न काढण्याच्या पत्रावर अक्कांची सही होती. भावानं पुढे केला कागद, केली सही. थोरल्यांचा हिशेब तोंडपाठ होता: "अक्काचं बारा टक्क्यांचं फेडलं, बँकेचं पावणेदहाचं घेतलं. फायदाच की!"

त्या दिवशी व्याज खरंच कमी झालं. व्याज-झेपेचं गुणोत्तर केसभर सुधारलंही असेल. पण अक्का वेळ पडली तर चार महिने व्याजासाठी थांबल्या असत्या, बँकेची संगणकप्रणाली एक दिवस थांबत नाही. थांबणारा धनको गेला आणि न थांबणारा आला, आणि हा फरक दोन्हींपैकी एकाही गुणोत्तरात दिसत नाही. शिवाय बँकेची अट मोडली ती मोडलीच. सप्टेंबरमध्ये मर्यादेचं नूतनीकरण करताना बँकेनं लेखी खुलासा मागितला, तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं.

जानेवारी २०२३ मध्ये, गड्ड्याची यात्रा चालू होती त्या आठवड्यात, धाकटे एकटेच ऑफिसात आले. हातात बँकेचा एसएमएस. टर्म लोनवरचं डिसेंबरचं व्याज २० तारखेपर्यंत भरलं गेलं नव्हतं आणि खातं एसएमए-० या यादीत गेलं होतं. थकबाकीच्या पहिल्या तीस दिवसांची ही यादी; थकबाकीनं नव्वद दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज.

"दादांना सांगू नका मी आलो होतो म्हणून," ते म्हणाले. "पण खरं काय आहे ते एकदा मला कळू द्या."

## खरं काय होतं

वर्षअखेरचा अंदाज त्याच दुपारी मांडला आणि मार्चचे आकडे जवळपास तसेच आले. घसारा, व्याज आणि कराआधीची कमाई १ कोटी ७५ लाख; कर्ज घेताना आम्ही २ कोटी ९० लाख लिहिले होते. घसारा ७५ लाख. म्हणजे व्याजासाठी उरले १ कोटी. पत्रकातलं व्याज ७८ लाख. गुणोत्तर १.२८.

लूम चालू होईपर्यंतचं १८ लाख व्याज याही वर्षी मशिनच्या किमतीत गेलं होतं. ते परत मिळवलं की व्याज ९६ लाख आणि गुणोत्तर १.०४. कमावलेला जवळजवळ प्रत्येक रुपया व्याजात.

आता कर्ज-भांडवल गुणोत्तर बघा. कडक हिशेबानं मार्च २०२३ ला कर्ज ९ कोटी ५ लाख आणि भांडवल ४ कोटी ४ लाख, म्हणजे २.२४. मागच्या वर्षी २.२७ होतं. एका वर्षात कंपनी बऱ्या स्थितीतून काठावर आली आणि हे गुणोत्तर उलट किंचित सुधारलं! यात आश्चर्य नाही. कर्ज-भांडवल गुणोत्तर ताळेबंदातून येतं, ताळेबंद एका दिवसाचा फोटो असतो, आणि व्याजदर वाढला किंवा ऑर्डर आटली की फोटोत काही हलत नाही. हलते ती कमाई आणि व्याज. तोटा होऊन भांडवल खायला लागेल तेव्हा हे गुणोत्तर बोलेल, पण तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पहिला इशारा व्याजाच्या झेपेतूनच यायचा असतो. पडझड झाली तर मागे किती गादी आहे, हे कर्ज-भांडवल गुणोत्तर सांगतं.

पुढचं वर्ष आणखी अवघड दिसत होतं. कमाई १ कोटी ७५ लाखच राहिली असं धरलं, तर नव्या लूमचा पूर्ण वर्षाचा घसारा धरून ९० लाख वजा, उरले ८५ लाख. पूर्ण वर्षाचं व्याज ११.२५ नं ९७ लाख. गुणोत्तर ०.८८, म्हणजे एकाच्या खाली.

घसारा रोखीनं जात नाही, त्यामुळे थोरल्यांचा युक्तिवाद पुढे असा होता की १ कोटी ७५ लाखांतून ९७ लाख सहज जातात. पण एप्रिल २०२३ पासून मुद्दलाचे हप्ते सुरू होत होते: ४ कोटी ५० लाखांचे ७२ हप्ते, दरमहा सव्वासहा लाख, वर्षाचे ७५ लाख. जुन्या कर्जाचे ३० लाख वेगळे. व्याज आणि मुद्दल मिळून २ कोटी २ लाख द्यायचे आणि हातात १ कोटी ७५ लाख. व्याजाची झेप मुद्दलाबद्दल अवाक्षर काढत नाही, ही तिची मोठी मर्यादा. हप्त्यांची सूट चालू असते त्या काळात ती मर्यादा लक्षातच येत नाही.

थोरले दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी ते २ कोटी २ लाख तीन वेळा स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर मारून बघितले.

## समोरचे पर्याय

थोरल्यांचा पहिला पर्याय कॅश क्रेडिटची मर्यादा ३ कोटींवरून ४ कोटी करून घेण्याचा. मी ठाम विरोध केला. कॅश क्रेडिट सुतावर आणि मालावर मिळतं. त्यातून मशिनचा हप्ता भरला की त्या कर्जामागे माल उरत नाही. आणि सुताचा भाव उतरल्यावर साठ्याची किंमत, तिच्यावरून ठरणारी उचल, दोन्ही खालीच येत होत्या. बँकेनं वाढ दिली असती का, हाही प्रश्नच होता.

दुसरा पर्याय कर्जाची पुनर्रचना. हप्ते वर्षभर पुढे ढकलले असते तर श्वास घेता आला असता. पण कोविडकाळातल्या खास सवलतीची मुदत सप्टेंबर २०२१ मध्येच संपली होती आणि नेहमीच्या नियमानं पुनर्रचना झाली की खात्याची वर्गवारी घसरते. दोन निर्यातदार दरवर्षी बँकेचं पत्र मागतात. तो मार्ग शेवटचा म्हणून राखून ठेवला.

तिसरा पर्याय घरच्यांचं कर्ज खरोखरच भागभांडवल करण्याचा. "आपलंच आहे" म्हणता ना, मग शेअर घ्या. यानं दोन्ही गुणोत्तरं एकदम सुधारतात: कर्ज कमी, भांडवल जास्त, आणि बारा टक्के व्याज बंद. भाऊ आणि वहिनींचे मिळून ८५ लाख होते, ते तयार झाले. थोरल्या वहिनींनी मात्र विचारलं की शेअरवर दरमहा काय मिळणार. "काही नाही," हे उत्तर ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. त्या व्याजावर घर चालत होतं. अक्का शेअरला नाही म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

चौथा पर्याय होटगी रोडचा मोकळा प्लॉट विकून टर्म लोन कमी करण्याचा. पाचवा, धाकट्यांच्या डोक्यातला: निम्मे नवे लूम जॉबवर्कला लावायचे. सूत निर्यातदाराचं, आपण फक्त विणायचं. नफा मीटरमागे कमी, पण सुताचा साठा नाही, भावाची धास्ती नाही आणि कॅश क्रेडिटची गरज उतरते. थोरल्यांना हे फार लागलं. "मालक होतो, मजूर झालो," असं ते बोलून गेले. सोलापुरात दुसऱ्याच्या सुतावर विणणं कमीपणाचं मानणारे अजून आहेत.

## काय केलं

फेब्रुवारीत सहा लूम जॉबवर्कला गेले. साठलेलं सूत घाट्यात का होईना, विणून आणि विकून मोकळं केलं. वर्षभरात कॅश क्रेडिट ३ कोटींवरून २ कोटी ३० लाखांवर आलं.

प्लॉटला गिऱ्हाईक मिळायला ऑगस्ट २०२३ उजाडला. दोन वर्षांपूर्वी व्हॅल्युअरनं त्याची किंमत १ कोटी २ लाख लावली होती. मूळ खरेदी १२ लाखांची, म्हणजे भांडवलात ९० लाखांची भर या एका प्लॉटनं घातली होती. प्रत्यक्षात सौदा ७८ लाखांना झाला आणि कर जाऊन ६८ लाख हातात आले. प्लॉट बँकेकडे तारण होता, त्यामुळे ना-हरकत पत्र मिळालं तेच सगळी रक्कम टर्म लोनमध्ये भरण्याच्या अटीवर.

इथे एक छोटा पण महत्त्वाचा निर्णय होता. मुदतीआधी रक्कम भरली की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा? सगळे सांगतात मुदत कमी करा, व्याज वाचतं. घरकर्जाला ते ठीक. इथे दुखणं दर महिन्याच्या रोखीचं होतं. बँकेला लेखी अर्ज करून हप्ता कमी करून घेतला: उरलेले ३ कोटी ५१ लाख, ६७ हप्ते, दरमहा ५ लाख २४ हजार. महिन्याला लाखभर सुटले.

सप्टेंबरअखेर ८५ लाखांचे शेअर दिले गेले. थोरल्या वहिनींसाठी घरखर्चाची सोय थोरल्यांच्या पगारात वाढ करून झाली. ती वाढ कंपनीच्या खर्चातच आली, त्यामुळे व्याजातली सगळी बचत काही खरी बचत नव्हती. पण पगार अडचणीच्या महिन्यात मालक स्वतः थांबवू शकतो.

## निष्पत्ती

मार्च २०२४ ला कमाई २ कोटी ५ लाख, घसारा ९० लाख, व्याजासाठी उरलेले १ कोटी १५ लाख आणि व्याज ८३ लाख. गुणोत्तर १.३९. प्लॉटच्या विक्रीतलं काही यात धरलेलं नाही. प्लॉट दरवर्षी विकता येत नाही. आता लपवायला मशिनच्या किमतीत गेलेलं व्याजही नव्हतं, म्हणून हे १.३९ मागच्या वर्षीच्या १.०४ शी ताडून बघायचं.

कडक हिशेबाचं कर्ज ५ कोटी ८४ लाख, भांडवल ५ कोटी ६९ लाख, गुणोत्तर १.०३. विस्ताराआधी ०.९७ होतं, म्हणजे जवळपास तिथेच परत. पण तेव्हा व्याजाची झेप साडेतीन पटीवर होती आणि आता दीडच्याही खाली. एकाच कंपनीचं, जवळपास त्याच कर्ज-भांडवल गुणोत्तराचं हे दोन वेळचं चित्र. २०२१ मध्ये ती निवांत होती. २०२४ मध्ये एक मोठी ऑर्डर हुकली की पुन्हा काठावर. व्याज आणि मुद्दल मिळून १ कोटी ८१ लाख द्यायचे होते आणि कर भरून हाती आले १ कोटी ९७ लाख. वर्षभराच्या धावपळीनंतरची सवड १६ लाख.

जानेवारी २०२३ नंतर एकही हप्ता चुकला नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, प्लॉट २०२१ मध्येच विकायला हवा होता. कर्ज घेण्याआधी, दबाव नसताना, आणि त्या पैशानं टर्म लोनच कमी घ्यायचं. आम्ही त्याऐवजी तो कागदावर फुगवून गुणोत्तर सुंदर केलं. पुनर्मूल्यांकनातून व्याज भरता येत नाही, विक्रीतून येतं. थोरल्यांना हे आजही मान्य नाही. तेव्हा जमिनीचा भाव चढत होता, असं ते म्हणतात, आणि यावर आमचं एकमत होण्याची चिन्हं नाहीत.

दुसरं, कर्ज घेताना व्याजाच्या झेपेवर ताण देऊन बघायला हवं होतं. आम्ही पहिल्या वर्षासाठी २.५ पट लिहिलं होतं. तेच अंदाजपत्रक घेऊन कमाई वीस टक्क्यांनी कमी धरली आणि बँकेचा दर दोन टक्क्यांनी वाढवला, तर गुणोत्तर १.५ येतं. पंधरा मिनिटांचं काम. १.५ समोर दिसलं असतं तर मी आधी सहा लूम घ्या आणि ते दोन पाळ्या भरले की उरलेले सहा, असं सुचवलं असतं. सूत आणि दर दोन्ही एकदम उलटतील असा अंदाज कुणालाच नव्हता. पण ताण देऊन बघायला अंदाज लागत नाही, फक्त "उलटलं तर?" एवढं विचारावं लागतं.

तिसरं, अक्कांचे पैसे. त्यांना सही करण्याआधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं की सात वर्षं हे पैसे अडकणार. तेव्हाच त्यांनी नकार दिला असता, आणि मग ते ६५ लाख भांडवलासारखे धरून बँकेचा १.३६ चा हिशेबही उभा राहिला नसता. कर्जाची रक्कम आपोआप कमी झाली असती.

आता दर तिमाहीला धाकटे एक पान पाठवतात. त्यात चारच ओळी असतात: व्याज-कराआधीचा नफा, मशिनच्या किमतीत गेलेल्यासह सगळं व्याज, त्या तिमाहीतलं मुद्दल, आणि शेवटच्या ओळीत अक्कांचे ४० लाख. ती ओळ वेगळी का, असं थोरल्यांनी एकदा विचारलं. धाकट्यांनी मला उत्तर द्यायला लागू दिलं नाही. "तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरतंय," ते म्हणाले.